घराची किंमत लावून घेताना: मूल्यांकनकाराला पत्र कसे लिहावे

 

गेले काही महिने आमच्याकडे एकच प्रश्न वारंवार येतो आहे. घरावर कर्ज काढायचे आहे, बँकेने व्हॅल्युएशन करून आणा म्हटले, आता काय करायचे? व्हॅल्युएशन म्हणजे मूल्यांकन, घराची आजची किंमत. ती ठरवणारा माणूस म्हणजे मूल्यांकनकार, ज्याला आपण व्हॅल्युअर म्हणतो. त्याला द्यायचे पत्र कसे असावे, सोबत कोणते कागद लागतात आणि ते कशासाठी, एवढेच आज सांगणार आहोत. पत्र एका पानाचे असते, पण त्यातली एक ओळ चुकली तर घराची किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. घर तारण ठेवण्याची खरंच गरज आहे का? बचत गटाला १० लाखांपर्यंत कर्ज देताना बँकेने तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जालाही तारण नाही. मुद्रा कर्जही विनातारण असते. त्यामुळे पिठाची गिरणी किंवा हळद-मिरची कांडप यंत्र घ्यायचे असेल, तर घराचे कागद पिशवीत घालण्याआधी बँकेत याची विचारणा करा. आजारपणाचा खर्च, जुनी जड व्याजाची देणी, घरातले मोठे कार्य यांसाठी मात्र उद्योगाच्या आणि मुद्रा कर्जाची ही सवलत लागू होत नाही. तिथे घरावरचे कर्ज हा एक मार्ग उरतो. शेताच्या सातबाऱ्यावर असे कर्ज सहसा मिळत नाही. ज्या २००२ च्या कायद्याने बँक थकबाकीदाराची मालमत्ता ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागू नाही, म्हणून बँकेला घर किंवा दुकानच हवे असते.

आता मूल्यांकनकाराकडे वळू. आपल्या ओळखीचा इंजिनिअर असतो, तो म्हणतो, मी रिपोर्ट बनवून देतो. रिपोर्ट छान असतो, फीही दिलेली असते, आणि बँक तो परत करते. कारण प्रत्येक बँक आपल्या मूल्यांकनकारांची यादी ठेवते, त्याला पॅनल म्हणतात, आणि बँकेला त्या यादीतल्याच माणसाचा अहवाल चालतो. बँकेला किंमत त्रयस्थ माणसाने लावलेली हवी असते, कर्ज घेणाऱ्याच्या माणसाने लावलेली नको असते. म्हणून पहिले पाऊल शाखेत टाका. शाखाधिकाऱ्यांना विचारा की मूल्यांकनकार बँक नेमणार का, की यादीतून आपण निवडायचा. काही बँका स्वतःच त्याला पत्र देतात. तिथेही आपण लिहिलेले पत्र वाया जात नाही, तेच कागदांसोबत बँकेत द्यायचे. फी बहुतेक वेळा कर्ज मागणाऱ्याकडूनच घेतात, म्हणून ती किती हे आधी विचारून लिहून घ्या आणि पावती मागा.

आता पत्राचा आत्मा, म्हणजे उद्देश. एकाच घराच्या किमती चार कामांसाठी चार निघतात. आगीचा विमा काढायचा असेल तर फक्त बांधकामाची किंमत धरतात, कारण जागा जळत नाही. खरेदीखताचे मुद्रांक शुल्क काढायला सरकारचा वार्षिक दर तक्ता पाहतात, ज्याला रेडी रेकनर म्हणतात. जुने वडिलोपार्जित घर विकल्यावर आयकराच्या हिशेबासाठी १ एप्रिल २००१ रोजीची किंमत काढून घेतात. बँकेच्या तारणासाठी मात्र आजची किंमत लागते आणि तीही तीन प्रकारे. पहिली, बाजारभावाची किंमत. दुसरी, जरा निकडीने विकले तर हातात येईल ती किंमत. आणि तिसरी, बँकेला लिलावात विकावे लागले तर येईल ती किंमत. पत्रात नुसते “घराचे मूल्यांकन करून द्यावे” असे लिहिले, तर यातले नेमके काय हवे ते त्या माणसाला कळत नाही. म्हणून “अमुक बँकेच्या अमुक शाखेकडून मालमत्ता तारण कर्ज घेण्यासाठी” हे शब्द पत्रात हवेतच.

इथे दोन उद्देशांची गल्लत होते, ती करू नका. मूल्यांकनाचा उद्देश म्हणजे तारण कर्जासाठी किंमत काढणे. कर्जाचा उद्देश म्हणजे ते पैसे आपण कशाला वापरणार. दुसरी गोष्ट बँकेच्या अर्जात खरी खरी लिहायची असते. नवऱ्याच्या ऑपरेशनचे देणे किती आहे हे मूल्यांकनकाराला सांगण्याची गरज नाही. त्यावरून घराची किंमत बदलत नाही, आणि आपली अडचण चार लोकांत विनाकारण पसरते.

पत्र आता वाचून दाखवतो. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

प्रति,
मा. मूल्यांकनकार साहेब,
(नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता)

विषय: मालमत्ता तारण कर्जासाठी घर व जागेचे मूल्यांकन करून मिळणेबाबत.

महोदय,
मी / आम्ही (मालकांची पूर्ण नावे), राहणार मौजा ......, तालुका ......, जिल्हा भंडारा. खाली नमूद केलेली मालमत्ता आमच्या मालकीची व ताब्यातील असून, ती ...... बँक, शाखा ...... यांच्याकडे तारण ठेवून कर्ज घेण्यासाठी तिचे मूल्यांकन करून हवे आहे. आपले नाव बँकेच्या यादीत असल्याचे शाखेने कळवले आहे.

मालमत्तेचे वर्णन: मौजा ......, आखीव पत्रिकेप्रमाणे मिळकत क्रमांक ......, ग्रामपंचायत मालमत्ता क्रमांक ......, जागेचे क्षेत्रफळ ...... चौरस मीटर, बांधकाम ...... चौरस फूट, प्रकार (स्लॅबचे / कौलारू / टिनाचे), बांधकामाचे वर्ष ......

चतुःसीमा: पूर्वेस ......, पश्चिमेस ......, दक्षिणेस ......, उत्तरेस ......

घराचा वापर: (स्वतः राहतो / भाड्याने दिले आहे / दुकान आहे). मालमत्तेवर सध्या कोणताही बोजा नाही / पुढीलप्रमाणे बोजा आहे: ......

कृपया आपण प्रत्यक्ष पाहणी करून आजच्या तारखेची बाजारभाव किंमत, निकडीच्या विक्रीची किंमत व लिलावातील किंमत दर्शवणारा अहवाल बँकेला द्यावा व त्याची एक प्रत आम्हाला द्यावी. पाहणीची तारीख व वेळ कळवावी, त्या वेळी मालक घरी हजर राहतील. आपली फी रुपये ...... ठरली असून पावती मिळावी.

सोबत: कागदपत्रांच्या प्रती, यादीप्रमाणे.

आपले विश्वासू,
(सर्व मालकांच्या सह्या, मोबाईल क्रमांक, तारीख)

पत्र एवढेच. यातला सह्यांचा भाग नीट लक्षात ठेवा. कर्ज ताईच्या नावावर असले तरी घर ज्याच्या नावावर आहे त्याचीच सही पत्रावर लागते. घर नवरा आणि दिराच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतात. तारण ठेवणारा मालक असतो आणि कर्ज घेणारी व्यक्ती वेगळी असू शकते. बँकेला दोघेही लागतात.

पत्राच्या सोबत जाणाऱ्या कागदांची यादी लांब दिसते, पण प्रत्येक कागद एका प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणून प्रश्नांनीच लक्षात ठेवू.

पहिला प्रश्न, घर कोणाचे? इथे खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र किंवा वारसाचा कागद यांपैकी जो असेल तो लागतो, आणि सोबत आखीव पत्रिका. ही पत्रिका तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून मिळते. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. त्यात गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घराच्या जागेच्या पत्रिका तयार होतात. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका आधी काढा. पण ही मोजणी गावठाणापुरतीच असते. गावठाणाबाहेर शेतात किंवा प्लॉटवर घर असेल तर तिथला सातबारा आणि जागा अकृषक झाल्याचा आदेश लागतो.

दुसरा प्रश्न, घर ग्रामपंचायतीच्या दप्तरात कसे लिहिले आहे? याचे उत्तर नमुना ८ मध्ये मिळते. सोबत चालू वर्षाची घरपट्टीची पावती जोडा. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. आपल्याकडे सगळे तिलाच मालकीचा कागद समजतात, पण बँक एकट्या नमुना ८ वर मालकी मानत नाही. घरावर नवरा-बायको दोघांची नावे लावण्याची मोहीम महाराष्ट्रात २००३ पासून सुरू झाली, त्यामुळे पुष्कळ ताईंचे नाव नमुना ८ वर आहे. ते असणे चांगलेच आहे, पण आखीव पत्रिकेवर नाव आहे का हेही पाहून घ्या.

तिसरा प्रश्न, बांधकाम परवानगीने झाले का? बांधकाम परवानगीचे पत्र आणि मंजूर नकाशा जोडा. घरकुल योजनेतले घर असेल तर मंजुरीचा आदेश जोडा.

चौथा प्रश्न, घर प्रत्यक्ष वापरात आहे का आणि माणसे तीच आहेत का? त्यासाठी वीजबिल, मालकांचे आधार आणि पॅन कार्ड, आणि गावच्या चौकापासून घरापर्यंत कसे यायचे याचा हाताने काढलेला साधा नकाशा जोडा. बाहेरगावच्या माणसाचे त्यावरून निम्मे काम होते.

मूल्यांकनकाराला सगळ्या झेरॉक्स प्रतीच द्यायच्या. मूळ कागद फक्त दाखवायचे आणि लगेच परत घ्यायचे. मूळ कागद बँकेतच जमा होतात, तेही कर्ज मंजूर झाल्यावर आणि पोच घेऊन.

आता हे सगळे एका घरावर लावून पाहू. उदाहरण म्हणून एक ताई धरू. लाखनी तालुक्यातल्या गावात त्यांचे घर आहे. नवऱ्याच्या आजारपणात खाजगी देणी आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते मिळून पाच लाखांचा डोंगर झाला. घरात दुधाचा आणि छोट्या किराणा दुकानाचा पैसा येतो. चार ठिकाणची देणी फेडून बँकेचा एकच हप्ता करावा, असे त्यांनी ठरवले.

पत्र लिहिण्याआधी आपण त्यांचे कागद शेजारी शेजारी मांडू. आखीव पत्रिकेवर जागा १३९.३५ चौरस मीटर आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून ही जागा १,५०० चौरस फूट झाली. पत्रिकेवर नावे नवऱ्याची आणि भासऱ्यांची आहेत. नमुना ८ अजून वारलेल्या मामाजींच्याच नावावर आहे आणि त्यात मातीचे कौलारू घर लिहिले आहे. जागेवर मात्र दहा वर्षांपूर्वी बांधलेले ७५० चौरस फुटांचे स्लॅबचे घर उभे आहे, आणि मागे टिनाची खोली.

तीन कागदांवर तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा कागदांवर पाहणी झाली तर मूल्यांकनकार अहवालात लिहील की नोंदीप्रमाणे मातीचे घर आहे, जागेवर स्लॅबचे घर आहे, परवानगी दाखवलेली नाही. मग बँक बांधकाम सोडून देते आणि फक्त जागेची किंमत धरते. जागेचा दर समजा ३०० रुपये चौरस फूट आला. हा दर आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे. खरा दर तुमच्या गावात नुकत्याच झालेल्या खरेदीखतांवरून आणि रस्त्यावरून ठरतो. १,५०० गुणिले ३०० म्हणजे साडेचार लाख. बँकेने त्याच्या निम्मे कर्ज द्यायचे ठरवले तर हातात सव्वादोन लाख. पाच लाखांच्या देण्याला ते पुरत नाहीत.

आता हेच कागद आधी दुरुस्त केले असे धरू. ग्रामपंचायतीची परवानगी त्या वेळी घेतलेली होती, पण ते पत्र पेटीत पडून राहिले आणि नमुना ८ मध्ये नोंद झाली नाही. ते पत्र शोधून, मामाजींचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचा कागद जोडून ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला. मासिक सभेत ठराव होऊन नावे बदलली आणि घर स्लॅबचे लागले. घरपट्टी थोडी वाढली, पण घर दप्तरात आले.

आता मूल्यांकन असे होते. जागेचे साडेचार लाख तेच. असे घर आज नवे बांधायला समजा १,४०० रुपये चौरस फूट लागतात, म्हणजे ७५० फुटांचे १० लाख ५० हजार. पण घर नवे नाही, दहा वर्षे वापरलेले आहे. स्लॅबच्या घराचे आयुष्य ६० वर्षे धरतात. शेवटी घर पाडले तरी लोखंड, दारे, विटा यांचे म्हणून दहा टक्के उरतील असे मानतात आणि बाकीचे नव्वद टक्के साठ वर्षांवर वाटतात. दहा वर्षांची घट त्यामुळे १५ टक्के, म्हणजे १ लाख ५७ हजार ५०० रुपये आली. ती वजा केली की बांधकामाचे ८ लाख ९२ हजार ५०० उरतात. जागा आणि बांधकाम मिळून १३ लाख ४२ हजार ५०० रुपये. टिनाच्या खोलीला परवानगी नाही, म्हणून ती धरलीच नाही.

यावर निम्मे कर्ज धरले तर ६ लाख ७१ हजार होतात. घर तेच आहे, गाव तेच आहे, फरक फक्त पेटीतल्या पत्राचा आणि दप्तरातल्या नोंदीचा. पाच लाखांची गरज आता भागते. किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचे हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. काही बँका बाजारभाव न धरता निकडीच्या विक्रीची कमी किंमत धरतात, म्हणून हे शाखेत आधीच विचारावे.

एक गाठ अजून बाकी आहे, भासऱ्यांचे नाव. पत्रिकेवर दोघे मालक असताना एकट्या नवऱ्याच्या सहीने घर तारण राहत नाही. भासऱ्यांनी एकतर सहमालक म्हणून कर्जाच्या कागदांवर सही करायची, किंवा आपला हिस्सा सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून हक्कसोडपत्र द्यायचे. पहिल्या मार्गात त्यांचा हिस्साही तारणात जातो, हे त्यांना स्पष्ट सांगून मगच सही घ्या. आणि मामाजींच्या वारसांत नणंदाही येतात. त्यांची नावे पत्रिकेवर आली नसतील तर बँकेचा वकील ते विचारणारच, आणि आपणही आपल्या माहेरच्या घराकडे बघून हे समजून घ्यावे.

कागद झाले, पत्र गेले, आता पाहणीचा दिवस. मूल्यांकनकार टेपने किंवा लेझर यंत्राने जागा आणि खोल्या मोजतो, घराचे आणि रस्त्याचे फोटो काढतो, त्यात घरच्या माणसालाही उभे करतो. चारही बाजूंची घरे चतुःसीमेशी जुळवून पाहतो. जुन्या खरेदीखतात पूर्वेला ज्याचे घर लिहिले आहे, ते त्याने दुसऱ्याला विकलेले असते. तेव्हा पत्रातच “पूर्वेस पूर्वीचे अमुक यांचे, आता तमुक यांचे घर” असे लिहावे, म्हणजे घर चुकीचे दाखवल्याचा संशय येत नाही. पत्रिकेवर १,५०० फूट आणि टेपवर १,३८० फूट निघाले, तर सहसा कमी असलेला आकडा धरतात. अशा वेळी वाद घालू नका. कुंपण कुठे सरकले आहे ते समजून घ्या आणि गरज असेल तर भूमि अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज करा.

वैनगंगेच्या काठच्या गावांसाठी वेगळे सांगतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी आपल्या जिल्ह्यात पाणी कुठवर चढले होते ते सगळ्यांना आठवते. मूल्यांकनकार शेजाऱ्यांना विचारतो, भिंतीवरचा डाग पाहतो, पूररेषा तपासतो. घरात पाणी आले होते का असे विचारले तर खरे सांगा. किंमत थोडी उतरेल. लपवलेली गोष्ट पुढे कळली तर पूर्ण अर्ज संशयात सापडतो.

घराची किंमत वाढवून देतो, मला दोन टक्के द्या, असे म्हणणारा माणूस या वाटेवर भेटतो. कधी तो दलाल असतो, कधी मूल्यांकनकाराचा माणूस म्हणवतो. मूल्यांकनकाराची फी कामाची असते. मंजूर कर्जाच्या टक्क्यावर त्याने पैसे घ्यायचे नसतात, आणि सोयीची किंमत लावून द्यायची नाही असे त्याच्या आचारसंहितेतच आहे. पण आपल्या दृष्टीने खरा धोका पुढचा आहे. घराची किंमत हप्ता भरत नाही, हप्ता दुधाच्या आणि दुकानाच्या पैशातून जातो. पाच लाखांचे कर्ज बारा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ८,८०० रुपये बसतो. फुगवलेल्या किमतीवर आठ लाख उचलले तर तोच हप्ता १४,१०० रुपयांवर जातो. आपल्या ताईंच्या घरात महिन्याला खर्च भागून दहा-अकरा हजार उरत असतील, तर पहिला हप्ता निभतो, दुसरा निभत नाही. हप्ते थकून खाते बुडीत धरले गेले की बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. तेव्हा उपयोगी येते ती लिलावातली किंमत, आणि ती तिन्हींत सगळ्यात कमी असते. म्हणून पत्रात तिन्ही किमती मागायच्या. लिलावातली किंमत वाचल्यावर आपण काय पणाला लावतो आहोत हे डोळ्यांसमोर येते.

अहवालाची प्रत हातात आली की ती कपाटात टाकू नका, गटात बसून वाचा. मालकांची नावे, मिळकत क्रमांक आणि क्षेत्रफळ आखीव पत्रिकेप्रमाणे आहे का? चतुःसीमा बरोबर आहे का? फोटो आपल्याच घराचे आहेत का? उद्देशात तारण कर्ज आणि आपली बँक लिहिली आहे का? पाहणीची तारीख, मूल्यांकनकाराची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का? शेवटी “गृहीत धरले आहे” अशी वाक्ये असतात, ती जरूर वाचा. मालकी हक्क बँकेच्या वकिलाने तपासावा, असे तिथे बहुधा लिहिलेले असते. कारण मूल्यांकनकार किंमत सांगतो, घर कोणाचे हे ठरवत नाही. ते वकिलाच्या शोध अहवालाचे काम आहे. अहवालात चूक दिसली तर तोंडी सांगू नका. कोणत्या पानावर काय चुकले आणि कोणत्या कागदात बरोबर काय आहे, हे दोन ओळींत लिहून मूल्यांकनकाराला द्या आणि एक प्रत बँकेत द्या. किंमत कमी वाटते एवढे कारण पुरत नाही. क्षेत्रफळ कमी धरले, बांधकामाचे वर्ष चुकले, परवानगी असून नाही असे लिहिले, अशी कारणे मात्र चालतात.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येकीने आपल्या घराची आखीव पत्रिका आणि नमुना ८ च्या झेरॉक्स आणाव्यात. दोन्ही शेजारी ठेवून नाव, क्षेत्रफळ आणि घराचा प्रकार जुळतो का ते पाहावे. कर्ज काढायचे नसले तरी पाहावे. जिथे जुळत नाही तिथला दुरुस्तीचा अर्ज आताच द्यावा, कारण घाईच्या दिवशी ग्रामपंचायतीची मासिक सभा आपल्यासाठी आधी भरत नाही. पत्राचा नमुना ज्यांचा लिहायचा राहिला असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिव ताईंच्या वहीतून उतरवून घ्यावा.